चित्राशी जुळणारी फरशी

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे रंगारी म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला ठेवलेलं होतं. कुणी नवीन माणूस आला आणि ‘आपण काय करता?’ असं विचारलं की ते खुर्चीतून न उठता म्हणायचे, ‘मी रंगारी. हे लोक भिंती काढतात, मी रंगवतो.’ वय चोपन्न. डोक्यावरचे केस गेलेले, पण भुवया अशा दाट की कपाळाला आठ्या घातल्या तर चष्म्यावर पडदा ओढल्यासारखं वाटायचं.

ते खरोखरच रंगातून आलेले होते. विशीच्या आत ते वास्तुविशारदांच्या ऑफिसांतून फिरून, अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं पोस्टर कलरमध्ये काढून द्यायचे. पुढे कॉम्प्युटर आले आणि त्यांच्या धंद्यातले सगळे एकेक करून घरी बसले. हे बसले नाहीत. त्रेचाळिसाव्या वर्षी आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या पोरापोरींबरोबर क्लासला जाऊन रेंडर करायला, म्हणजे न बांधलेल्या इमारतीचं हुबेहूब चित्र कॉम्प्युटरवर काढायला शिकले. माउस धरताना अंगठा असा आखडायचा की वर्षभर ते उजव्या हाताला पट्टी बांधून यायचे. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. इमारतीत कुठे काय सामान लागणार, दार कसलं, फरशी कसली, त्याच्या याद्या करणं हे माझं काम.

त्यांच्या घरात त्यांना जे काही मिळालं ते बहिणीमुळे. ही बहीण म्हणजे अक्का, त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर चौदाव्या वर्षी ती मंडईत पालेभाजी घेऊन बसायला लागली आणि त्यानंतर उठलीच नाही. भावाला तिनं चित्रकलेच्या शाळेत घातलं तेव्हा शेजारच्या बाया हसल्या होत्या. अक्का त्यांना म्हणाली होती, ‘हसा. माझ्या पालकापेक्षा त्याचा हिरवा रंग जास्त दिवस टिकेल.’ मंडईत तिचा शब्द चालायचा. भांडण झालं की दोन्ही बाजूचे तिच्या ओट्यासमोर येऊन उभे राहायचे, आणि ती मेथीच्या जुड्या बांधता बांधता निकाल द्यायची.

आणि नेमकं त्याच मंडईचं काम आमच्या ऑफिसकडे आलं.

जुनी मंडई पाडून नवी बांधायची होती. जुनीत पत्र्याचं छत, भर दुपारी दिवे लावायला लागतील असा अंधार, मधोमध उघडं गटार, आणि खाली दगडी फरशी, जागोजागी फुटलेली. आमच्या साहेबांनी काढलेला नवा नकाशा चांगला होता, हे आजही म्हणेन. उंच छत, छताला करवतीच्या दातांसारखे उभे काप, त्या प्रत्येक कापात उत्तरेकडे तोंड केलेली काच. पूर्वेची बाजू मोकळी. आत ओट्यांच्या सरळ रांगा. पण ओटेवाले तयार नव्हते. दोन वर्षं तात्पुरत्या शेडमध्ये जाऊन बसा, मग नवी मंडई देतो, असं पालिका सांगत होती, आणि लोकांचा विश्वास बसत नव्हता. नकाशा दाखवला तर त्यांना रेघा दिसायच्या. म्हणून चित्र हवं होतं. एकच मोठं चित्र, सगळ्यांना दाखवायला.

रंगारींनी ते मनावर घेतलं. तीन सकाळी ते कॅमेरा घेऊन जुन्या मंडईत गेले आणि क्रेटचे फोटो काढले. प्लॅस्टिकचे निळे-लाल क्रेट, कडा झिजून पांढऱ्या पडलेले, काहींना सुतळीची मूठ बांधलेली. टोमॅटो क्रेटमध्ये कसे बसतात, कोबीचे बाहेरचे पाले कसे उलगडतात, लिंबं ढिगातून कशी सुटतात, हे सगळं त्यांनी टिपलं. कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये एकाच क्रेटच्या शंभर नकला टाकल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी अकरा वेगवेगळे बनवले, आणि रचताना प्रत्येक थोडा थोडा फिरवला. ‘माणसाच्या हातानं ठेवलेला क्रेट कधीच सरळ नसतो,’ असं मला म्हणाले.

खरी कसरत होती ती उजेडाची. पूर्वेकडून आत येणारं सकाळचं ऊन पिवळं. छताच्या काचेतून उतरणारा आकाशाचा उजेड निळसर. आणि ओट्यांवर टांगलेले दिवे नारिंगी. मॉडेलमधल्या कॅमेऱ्याचा, म्हणजे जिथून चित्र दिसतं त्या डोळ्याचा, रंग उन्हाशी बसवावा तर सावलीतला कोबी निळा पडे. सावलीशी बसवावा तर ऊन हळदीसारखं ओघळे. त्यांनी चार दिवस त्यात घालवले. सूर्य कुठे असेल ते तारीख आणि वेळ घालून खरं बसवलं. सकाळचे साडेदहा. शेवटी असं जमलं की टोमॅटो टोमॅटोसारखे आणि सावली सावलीसारखी दिसायला लागली.

तरीही चित्र उठत नव्हतं. कारण फरशी.

माझ्या यादीत फरशीच्या ओळीत लिहिलं होतं: खरखरीत, न घसरणारी, करड्या रंगाची टाइल. मंडईत दिवसभर पाणी सांडतं, पाला पडतो, त्यामुळे तशीच हवी. रंगारींनी तशीच केली होती. पण करडी खरखरीत फरशी उजेड खाते. वर एवढा प्रकाश, आणि चित्राचा खालचा अर्धा भाग मळक्या चादरीसारखा.

साहेब येऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मग म्हणाले, ‘रंगारी, छतावर एवढा खर्ची पडलोय मी. तो उजेड मला दिसत का नाहीये?’

‘फरशी मारतेय साहेब.’

‘मग फरशीचं बघा काहीतरी.’

रंगारींनी फरशीचा खरखरीतपणाचा आकडा खाली आणला. रंग एक छटा उजळ केला. पुन्हा छोटं रेंडर लावलं. पडद्यावर आधी दाणेदार धुरळा होता, मग तो हळूहळू निवळला. छताच्या काचांचे लांबच लांब पट्टे फरशीत उतरले होते. ओट्यांचे रंग खाली पाण्यात पडल्यासारखे हलकेच सांडले होते. लांबवर, जिथे नजर जमिनीला टेकते, तिथे तर फरशी नुसती झळकत होती. सगळी मंडईच जमिनीपासून दोन बोटं वर उचलल्यासारखी वाटत होती.

‘हे!’ साहेब म्हणाले. ‘हेच!’

‘पण साहेब, ही आपली फरशी नाही,’ रंगारी म्हणाले. ‘यादीत खरखरीत आहे.’

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘अहो, चित्र आहे. चित्रात कोण घसरतंय?’

आम्ही हसलो. मीसुद्धा हसले.

चित्र फळीवर छापून अक्काच्या ओट्याच्या मागच्या भिंतीला लावलं गेलं. दोन दिवसांत मंडईची भाषाच बदलली. लोक येऊन त्या चित्रासमोर उभे राहायचे आणि आपला ओटा कुठला ते बोटानं शोधायचे. कुणी शंका काढली की अक्का म्हणायची, ‘माझ्या भावानं काढलंय. त्याला खोटं काढता येत नाही, लहानपणी मी मारलं तर रडतानाचा स्वतःचा चेहरासुद्धा हुबेहूब काढायचा.’ जे वर्षभर हटून बसले होते त्यांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या. कागद घेऊन ओट्याओट्यानं फिरली ती अक्काच.

पुढे बांधकाम सुरू झालं आणि फरशी बसवायची वेळ आली. मंडई समितीच्या अध्यक्षांनी खरखरीत टाइलचा नमुना हातात घेतला आणि खाली ठेवला. ‘चित्रात अशी नाहीये. लोकांनी सह्या चित्र बघून केल्यात. उद्या मला विचारतील.’ साहेबांनी एकदा सांगून पाहिलं असावं. निदान ते तसं म्हणतात. मग दुसरा नमुना मागवला गेला. चकचकीत, उजळ, चेहरा दिसेल अशी टाइल. साहेबांनी ती आणून रंगारींच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘चित्राशी जुळते का तेवढं बघा आणि मागे लिहून सही करा. समितीला कागद लागतो.’

रंगारींनी टाइल खिडकीशी नेली. तिरकी धरली. पडद्यावरच्या चित्राशेजारी धरली. मी बघत होते. त्यांनी अंगठा फरशीवरून फिरवला आणि अंगठ्याकडे पाहत राहिले.

‘जुळते का?’ मी विचारलं.

‘तंतोतंत,’ ते म्हणाले, पण आवाज खूश नव्हता. ‘मंडईला ही चालेल का गं?’

मी काय उत्तर दिलं ते मला नीट आठवतं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, ‘काका, ते आपण कशाला ठरवायचं? ते त्यांनी बघायचं.’

त्यांनी टाइलच्या पाठीवर मार्करनं लिहिलं, ‘चित्राशी जुळते’, आणि खाली सही केली. साहेबांची चिठ्ठी आली आणि माझ्या यादीतली ओळ मी त्याच दुपारी बदलली. ‘खरखरीत, न घसरणारी’ हे शब्द खोडायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

नवी मंडई उघडली तेव्हा ती हुबेहूब चित्रासारखी होती. लोक फोटो काढत होते. अक्का आपल्या ओट्यावर नवं लुगडं नेसून बसली होती. रंगारी मधल्या वाटेवर उभे राहिले आणि वर, खाली, पुन्हा वर बघत राहिले. मला म्हणाले, ‘आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चित्रात चालतोय.’

पहिल्या महिन्यात दोन बाया घसरल्या. एकीचं मनगट मुरगळलं. लोकांनी त्यांच्या चपलांना दोष दिला. ओटेवाले पोती अंथरायला लागले, तर समितीनं ती उचलायला लावली. पोत्यांनी मंडईची शोभा जाते म्हणून. अक्कानं भावाला सांगितलं, ‘अरे, ती फरशी फार गुळगुळीत आहे रे. बघ जरा कुणाला सांगून.’ भावानं साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, समितीला पत्र लिहू. पत्र लिहिलं गेलं की नाही मला माहीत नाही. मी तरी टाइप केलं नाही.

मंडईत लंबू नावाचा हमाल होता. सहा फुटांच्या वर, त्यामुळे लंबू. एका वेळी तीन क्रेट डोक्यावर घ्यायचा आणि वाट मोकळी करायला शिट्टी घालत जायचा. अक्काचा माल गेली बारा वर्षं तोच आणून द्यायचा. घरी बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली.

त्या दिवशी सकाळचे साडेदहा वाजले असतील. ओटेवाल्यांनी पालेभाज्यांवर पाणी मारलं होतं, त्यातलं बरंचसं खाली ओघळलं होतं. लंबू काठोकाठ भरलेले भोपळ्यांचे दोन क्रेट घेऊन पश्चिमेच्या दारानं, उन्हाकडे तोंड करून आत आला. अक्कानं त्याला येताना पाहिलं. ती म्हणते की त्याचा पाय पुढे गेला आणि तो तसाच पुढे जात राहिला, अंग मागे राहिलं. तो पाठीवर पडला, आणि वरचा क्रेट त्याच्या मानेच्या खाली, छातीवर आला. शिट्टी अर्धीच राहिली. ओरडला नाही. भोपळे फरशीवरून लांबवर घरंगळत गेले, ते कुणाच्या तरी ओट्याला लागून थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

तो वाचला. पण पाठीचा कणा गेला. कमरेखालचं अंग गेलं.

रंगारी दुसऱ्या दिवशी ऑफिसला आले नाहीत. ते मंडईत गेले होते. चित्रातला कॅमेरा जिथे ठेवला होता, बरोबर त्या जागी, त्याच वेळेला ते जाऊन उभे राहिले. नंतर त्यांनी मला सांगितलं ते असं:

‘अक्काला म्हणालो, पाणी टाक. तिनं अर्धी बादली टाकली. कुठे पडलं ते मला माहीत होतं, तरी दिसेना. खरखरीत फरशी ओली झाली की काळी पडते, लांबून कळतं. ही कोरडी असतानाच ओल्यासारखी चमकते. वरच्या काचा खाली दिसतात, समोरून ऊन येतं, आणि सगळंच झळकतं. पाणी त्या झळाळीत लपतं गं. तो उजेड मी चार दिवस घालवून बसवला होता.’

समितीनं चौकशी बसवली. पालिकेच्या वरच्या मजल्यावरची लांबट खोली, गोल टेबल, खिडक्यांना निळे पडदे. अध्यक्ष, पालिकेचा अभियंता, आमचे साहेब, रंगारी आणि कागद सांभाळायला मी. अक्का ओटेवाल्यांच्या वतीनं दाराशी खुर्चीवर. साहेबांनी पिशवीतून टाइल काढली आणि उलटी करून टेबलावर ठेवली. ‘चित्राशी जुळते’ आणि खाली सही. ‘नमुना आमच्या या माणसानं तपासला होता,’ साहेब म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. त्यांनी रंगारींकडे पाहिलं नाही.

अक्का पुढे वाकून ती सही बघत होती. तिला फार वाचता येत नाही, पण भावाची सही ती ओळखते.

‘सही माझी आहे,’ रंगारी म्हणाले. ‘आणि जे लिहिलंय तेही खरं आहे. जुळतेच. चित्र फरशीसारखं काढायचं असतं. आम्ही फरशी चित्रासारखी आणली. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी सही केली.’

मग त्यांनी फाइलमधून तीन कागद काढले. पहिला, खरखरीत फरशीचं जुनं चाचणी-चित्र, खाली तारीख. दुसरा, चकचकीत फरशीचं. तिसरा त्यांनी नवा केला होता. तीच मंडई, तेच मॉडेल, तोच साडेदहाचा सूर्य, फक्त कॅमेरा लंबूच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि त्याच्या वाटेवर. फरशीवर पाण्याचा पातळ थर सात ठिकाणी टाकलेला. ‘सांगा, पाणी कुठे आहे,’ ते म्हणाले.

कागद हातोहात फिरला. अभियंत्यानं चष्मा वर केला, खाली केला. दोन जागा दाखवल्या, दोन्ही चुकल्या. मग अध्यक्षांनी तो कागद टेबलावर पालथा ठेवला.

‘पण हे तुम्ही कॉम्प्युटरवर बनवलंय ना?’

‘हो.’

‘मग हे खरं कशावरून? तुम्हाला हवं तसं बनवता येतं. तुम्हीच आत्ता म्हणालात की आधीची फरशी तुम्ही हवी तशी चमकवली.’

रंगारींच्या भुवया खाली आल्या. ‘अहो, याच कॉम्प्युटरवरचं चित्र बघून तुम्ही मंडई बांधलीत.’

‘ते वेगळं,’ अध्यक्ष म्हणाले. ‘ते प्रस्तावाचं चित्र होतं.’

‘मंडईत चला. बादली घेऊन चला. दहा मिनिटांचं काम आहे.’

कुणी उठलं नाही. अभियंत्यानं घड्याळ बघितलं. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. यादी मी बदलली, आधीची ओळ काय होती, कुणाच्या सांगण्यावरून खोडली, हे सगळं माझ्याच मांडीवरच्या फाइलमध्ये होतं. मी फाइल घट्ट धरून बसले. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीच्या पडद्याकडे.

अहवालात लिहिलं गेलं की फरशी ओली होती, हमालानं वजन जास्त घेतलं होतं आणि त्याच्या चपलांचे तळवे झिजलेले होते. तीनही गोष्टी खऱ्या होत्या. मधल्या वाटेवर रबरी पट्ट्या अंथराव्यात अशी शिफारस होती. पट्ट्या आल्या, महिन्याभरात त्यांच्या कडा वळल्या, हातगाड्यांची चाकं अडकायला लागली, आणि त्या काढून कोपऱ्यात गुंडाळून ठेवल्या गेल्या.

रंगारींना साहेबांनी काढलं नाही. त्यांना काम देणं थांबवलं. दोन महिने ते येऊन बसायचे, पडदा चालू करायचे, बंद करायचे. एका सोमवारी आले नाहीत, त्यानंतरही आले नाहीत.

अक्का भावाला काही बोलली नाही, हे त्यांना सगळ्यात जड गेलं. शेवटी तेच तिच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती.

‘शिव्या तरी घाल,’ ते म्हणाले.

‘शिव्या कुणाला घालू? तू काढलंस, मी कागद फिरवला. हमाल मंडळाच्या वतीनं त्या कागदावर लंबूचा अंगठाही मीच घेतला होता.’ ती खडे बाजूला काढत राहिली. ‘तू मला एकदा सांगायचं होतंस. सही करायच्या आधी. मी पन्नास वर्षं ओल्या फरशीवर उभी आहे. मला विचारलं असतंस तर मी एका शब्दात सांगितलं असतं.’

‘सुचलं नाही अक्का.’

‘तेच तर,’ ती म्हणाली.

त्यानंतर ते दर आठवड्याला लंबूकडे जायला लागले. पहिल्या दोन वेळा लंबूच्या बायकोनं त्यांना उंबऱ्यातूनच परत पाठवलं. तिसऱ्या वेळी तिला बाहेर जायचं होतं आणि लंबूजवळ दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिनं दार उघडं ठेवलं. ते लंबूला कुशीवर वळवायला शिकले, पाठीला पावडर लावायला शिकले, त्याला न उठवता चादर बदलायला शिकले. एवढ्या मोठ्या माणसाला हलवायचं म्हणजे दोघांनाही घाम फुटायचा. लंबू बोलका होता. अंथरुणात पडल्या पडल्या सगळ्या मंडईची नक्कल करायचा, अध्यक्षांची तर फारच छान.

एकदा त्यानं विचारलं, ‘काका, त्या तुमच्या मोठ्या चित्रात माणसं होती ना?’

‘होती की. तीस-बत्तीस.’

‘मी कधी नीट बघितलंच नाही. त्यात मी होतो का?’

रंगारी मला म्हणाले की त्यांना खोटं बोलायचं होतं, तोंडापर्यंत आलं होतं. पण बोलले नाहीत. ‘नाही रे. सगळी गिऱ्हाइकं होती. हातात पिशव्या घेतलेली, तयार मिळतात तशी. हमाल एकही नव्हता.’

‘मग माल आत कुणी आणला?’ लंबूनं विचारलं, आणि स्वतःच हसला. हसताना त्याला खोकला लागला आणि तो बराच वेळ थांबेना.

तो पुढच्या थंडीत गेला. पाठीच्या जखमा चिघळून विष अंगभर गेलं. रंगारी शेवटच्या चार दिवसांत दवाखान्यातच होते. मंडई त्या दिवशी दुपारपर्यंत बंद राहिली.

त्यानंतर दीड वर्षानं समितीचे अध्यक्ष बदलले, आणि कुणी चौकशी न करता, कुणी काही न मागता, चार कामगार यंत्रं घेऊन आले आणि मंडईची फरशी खरवडायला लागले. टाइलवर आडवे-उभे चरे पाडत गेले. आठवडाभर पांढरी धूळ उडत होती. ओटेवाले भाज्यांवर ओली फडकी टाकून बसले होते. चमक गेली. आता ती फरशी ओली झाली की काळी पडते.

लंबूची बायको अक्काच्या ओट्याच्या अर्ध्या भागावर बसते. लिंबं, मिरच्या, आलं. अक्कानं तो भाग तिला दिला तेव्हा कुणाला काही विचारलं नाही. दोघी फार बोलत नाहीत, पण एकीनं उठायच्या आत दुसरी तराजू धरते.

रंगारी आता एका फर्निचरच्या कारखान्यात कपाटांचे नकाशे काढतात. नुसत्या रेघा आणि मापं, रंग नाही. मी अजून त्याच ऑफिसात, त्याच टेबलावर आहे. मध्ये एकदा मी त्यांच्याकडे गेले आणि त्या फाइलबद्दल बोलले, चौकशीच्या दिवशीच्या. त्यांना माहीत होतं. ‘तुझ्या मांडीवर होती, मी बघितली होती,’ ते म्हणाले. मग त्यांनी चहा मागवला. चहा आल्यावर ते अक्काच्या डोळ्यांबद्दल सांगायला लागले. मोतीबिंदू पिकला होता आणि ती ऑपरेशनला तयार नव्हती. पंधरा दिवस ओटा बंद कोण ठेवणार, म्हणत होती. शेवटी लंबूच्या बायकोनं सांगितलं, दोन्ही भाग मी बघते, आणि रंगारी पंधरा दिवस रजा घेऊन बहिणीच्या घरी राहायला गेले, डोळ्यात थेंब घालायला.